बेकरीतली तीन वाक्यं: लिओंहून मैत्रिणीला पत्र

प्रिय चिऊ,

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी इथे, फ्रान्समधल्या लिओंत, पावाच्या रांगेत उभी होते. फोन खिशात टाकला पण बंद केला नाही, आणि पलीकडून तू सगळं ऐकत राहिलीस. रात्री तुझा निरोप आला: दोन महिने फ्रेंचच्या क्लासला जातेय, तरी त्या तीन वाक्यांचा अर्थ लागला नाही. शब्दकोशात एकेक शब्द शोधून जुळवलं तर 'एक परंपरा, फार शिजलेली नाही', मग 'मी तुम्हाला ती दोनात कापते' आणि शेवटी 'आणि ह्याच्याबरोबर?' असं काहीतरी आलं. बेकरीत चाललं होतं तरी काय, असं तू विचारलंस.

तू जुळवलेला एकही शब्द चुकलेला नाही. तरीही वाक्यं कळली नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तू ऐकलीस ती वाक्यं अशी. माझ्या पुढच्या बाई म्हणाल्या, "यून त्रादिस्यों पा त्रो कुईत, सिल वू प्ले." काउंटरमागच्या मुलीने विचारलं, "झ वू ला कूप आं दो?" आणि मग, "ए आवेक ससी?"

उच्चार देवनागरीत जमेल तसे लिहिलेत. त्यातला 'झ' आपल्या 'झाड'मधलाही नाही आणि 'माझी'तलाही नाही. 'प्लेझर'मध्ये येतो तसा मऊ आहे. 'त्रादिस्यों'च्या शेवटी जो अनुस्वार आहे, तिथे न किंवा म म्हणायचा नाही, स्वरच नाकातून सोडायचा. गोव्याच्या तुझ्या मावशी 'हांव' म्हणतात ना, तो 'हां' आठव. क्लासमध्ये सगळ्यांना ह्या नाकातल्या स्वरांचा त्रास होतो म्हणालीस, पण ज्यांच्या कानावर कोकणी पडलेली आहे त्यांना तो व्हायचं कारण नाही.

'एक परंपरा' म्हणजे काय विकत घेतात?

मुंबईत टपरीवर कुणी "एक कटिंग" म्हटलं तर तिथे 'चहा' हा शब्द कुठेच नसतो, तरी चहाच मिळतो. इथेही तसंच आहे. 'त्रादिस्यों' म्हणजे परंपरा खरी, पण बेकरीत तो 'बगेत द त्रादिस्यों'चा उरलेला तुकडा आहे. बगेत म्हणजे तो लांब, काठीसारखा पाव. मुळात बगेत ह्या शब्दाचा अर्थच काठी. रोजच्या घाईत लोक आणखी तोडून नुसतं 'त्रादी' म्हणतात.

काउंटरमागे दोन टोपल्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीत साधी बगेत, दुसरीत त्रादिस्यों. साधीची टोकं गोलसर, अंग गुळगुळीत, आत पांढरा आणि एकसारखा गर. त्रादिस्योंची टोकं बहुतेक वेळा निमुळती, वर थोडं पीठ, आणि कापल्यावर आत लहानमोठी वेडीवाकडी भोकं, गराचा रंग किंचित पिवळट. तू नुसतं 'यून बगेत' म्हणालीस तर साधी मिळते. दुसरी हवी तर नाव घ्यावंच लागतं.

ह्या नावामागे कायदा आहे. १३ सप्टेंबर १९९३ चा एक सरकारी हुकूम आहे, त्याला इथे सगळे 'पावाचा हुकूम' म्हणूनच ओळखतात. 'फ्रेंच परंपरेचा पाव' ह्या नावाने जे विकायचं, त्याच्या कणकेत गव्हाचं पीठ, पिण्याचं पाणी आणि मीठ एवढंच असावं, आंबवण्यासाठी यीस्ट किंवा आंबवलेलं विरजण किंवा दोन्ही चालतील, वरून कुठलंही मिश्रणद्रव्य नको, आणि करताना कणीक कुठल्याही टप्प्यावर गोठवलेली नसावी, असं तो सांगतो. थोडी सूट आहे: एका विशिष्ट शेंगेच्या बियांचं पीठ २ टक्क्यांपर्यंत, सोयाबीनचं अर्ध्या टक्क्यापर्यंत, आणि मोड आणलेल्या गव्हाचं ०.३ टक्क्यापर्यंत. साध्या बगेतला हे बंधन नाही. तिच्यात आंबवणं लवकर उरकणारी, परवानगी असलेली द्रव्यं चालतात.

त्यामुळे 'परंपरा' हा इथे भावनेचा शब्द नाही, मापाचा आहे. आपल्याकडे 'गावरान' किंवा 'घरगुती' असं कुणीही पाटीवर लिहू शकतं. इथे हे नाव लावलं की पिठात काय आहे त्याचं उत्तर द्यावं लागतं.

पण त्या हुकुमात काय नाही, हेही तुला सांगायला हवं, कारण मी स्वतः बरेच दिवस चुकीचं समजत होते. त्रादिस्यों म्हणजे त्याच दुकानात, त्याच माणसाने हाताने केलेला पाव, असं मला वाटायचं. तसं त्यात कुठे म्हटलेलं नाही. मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं विक्रीच्याच जागी झालं असेल, तर त्यासाठी त्याच हुकुमात 'घरचा पाव' असं वेगळं नाव आहे. दुकानावर 'बुलांझरी', म्हणजे बेकरी, ही पाटी कुणी लावायची ते १९९८ च्या दुसऱ्या एका कायद्याने ठरवलंय: पाव तिथेच मळला, घडवला आणि भाजला पाहिजे. म्हणून खात्री करायची असेल तर दोन ठिकाणी बघायचं, पावाच्या टोपलीवरचं नाव आणि दारावरची पाटी. ती पाटी नसेल तर बहुधा ते पाव दुसरीकडून आणून विकणारं दुकान असतं. ते वाईट असं नाही, फक्त वेगळं.

तू विचारशील, युनेस्कोच्या यादीत गेली ती हीच का? २०२२ मध्ये यादीत नोंदलं गेलं ते बगेत करण्याचं हातचं कसब आणि तिच्याभोवतीची रीत. त्या नोंदीने कुठला पाव त्रादिस्यों ठरत नाही. ते काम १९९३ चा हुकूमच करतो.

'फार शिजलेली नाही' म्हणजे कच्ची मागितली का?

नाही. इथे घोळ शब्दकोशाचा आहे. आपण भात शिजवतो, पोळी भाजतो, केक भट्टीत लावतो. फ्रेंचमध्ये ह्या सगळ्याला 'कुईर' हे एकच क्रियापद पुरतं. शब्दकोशात पहिला अर्थ 'शिजवणे' येतो आणि आपण पाव शिजवायला लागतो. मराठीत त्या बाई म्हणाल्या ते एवढंच: "एक त्रादिस्यों द्या, फार भाजलेली नको."

तुझी गंमतीची वही उघडून ठेव, कारण ह्या वाक्यातला सगळ्यात मोलाचा आवाज 'कुईत'च्या शेवटचा 'त' आहे. पाव पुल्लिंगी असेल तर 'कुई', बगेत स्त्रीलिंगी म्हणून 'कुईत'. आपण 'भाजलेला पाव' आणि 'भाजलेली पोळी' म्हणतो, अगदी तेच. फरक इतकाच की आपलं लिंग शेवटच्या स्वरात ऐकू येतं आणि त्यांचं बऱ्याचदा व्यंजनात. पुल्लिंगी रूपात तो 'त' लिहितात पण बोलत नाहीत. स्त्रीलिंगी झालं की तो बोलता होतो. क्लासमध्ये तुला 'शेवटी एक अक्षर वाढवा' असं शिकवलं असेल. लिहिताना ते बरोबर आहे. कानासाठी मात्र नियम असा धर: अशा विशेषणात शेवटचं व्यंजन ऐकू आलं तर बहुतेक वेळा वस्तू स्त्रीलिंगी.

इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्यांना विशेषणाने नामाबरोबर बदलावं हेच मुळात विचित्र वाटतं. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालंय. आणि आपल्याकडे लिंगं तीन, त्यांच्याकडे दोनच.

रांगेत तुला ह्याच्या उलट मागणीही ऐकू येईल, 'ब्यँ कुईत', म्हणजे चांगली भाजलेली. मी आता तीच मागते. फिकट त्रादिस्यों घेतली तेव्हा दुपारी छान मऊ लागली, पण संध्याकाळी तिचं कवच रबरासारखं झालं होतं, सुरी दाबली की दबायचं, तुटायचं नाही. कमी भाजलं की कवचात पाणी जास्त राहतं, आणि आतल्या गरातलं पाणीही हळूहळू बाहेर सरकून त्याला आणखी मऊ करतं. जास्त भाजलेल्या पावाचं कवच कोरडं आणि जाड असतं, ते जास्त वेळ टिकतं. मुंबईचा ब्रुन पाव किंवा गोव्याचा उंडो तू खाल्लायस. कवच कडक असण्यात काय मजा असते ते तुला सांगायला नको.

शेवटचं 'सिल वू प्ले' तुला पाठ आहेच, 'कृपया' म्हणून. ते तसं पाठ करू नकोस. शब्दशः ते आहे 'तुम्हाला आवडत असेल तर'. त्यातलं क्रियापद 'प्लेर', आणि ते हुबेहूब आपल्या 'आवडणे'सारखं चालतं. 'सा म प्ले' म्हणजे 'ते मला आवडतं'. आवडणारी वस्तू कर्ता, आणि ज्याला आवडतं त्याला 'ला' प्रत्यय. इंग्रजीतून येणाऱ्याला 'आय लाइक'चं उलटं करून हे शिकावं लागतं. तू मराठीतून सरळ उचल. आणि 'वू' म्हणजे 'तुम्ही': अनेकांसाठीही तोच शब्द, एकाच माणसाला मान द्यायलाही तोच. हेही आपलंच.

'मी तुम्हाला ती दोनात कापते': हे विधान आहे की प्रश्न?

प्रश्न आहे. बगेत लांब, पिशवी आखूड. म्हणून ती मुलगी विचारते, मधून कापून देऊ का?

ह्या वाक्यावर मी तुला थांबवणार आहे, कारण मला स्वतःला फ्रेंच पहिल्यांदा आपली वाटली ती इथे. शब्द ओळीने लाव: 'झ' मी, 'वू' तुम्हाला, 'ला' ती, 'कूप' कापते. मी तुम्हाला ती कापते. क्रमही तोच! इंग्रजीत आधी कापावं लागतं, मग 'ते' आणि मग 'तुमच्यासाठी'. फ्रेंचमध्ये सर्वनामं क्रियापदाच्या आधी येतात, मराठीसारखीच. मी कितीतरी आठवडे मनातल्या मनात आधी इंग्रजी वाक्य करायचे, मग ते उलटवायचे, आणि तोवर रांग पुढे सरकलेली असायची. मधली इंग्रजी काढली आणि वाक्य सरळ तोंडात आलं.

आता 'वू' तिथे का आहे? नुसतं 'झ ला कूप?' म्हटलं तरी 'कापू का?' एवढा अर्थ येतो. 'वू' घातल्यावर 'कापून देऊ का?' होतो. आपण 'देणे' जोडून जे सांगतो, की हे काम तुमच्यासाठी करते आहे, ते फ्रेंच माणूस एका सर्वनामात सांगतो. शब्दकोशात 'वू'समोर 'तुम्हाला' लिहिलेलं असतं, पण इथे त्याचं काम आपल्या 'देऊ'चं आहे. 'भाजी चिरून देऊ?', 'पिशवीत घालून देऊ?' अशी जितकी वाक्यं आपल्याकडे दुकानात ऐकू येतात, ती सगळी ह्या साच्यात बसतात.

काळाचं म्हणशील तर आपण 'कापते का?' म्हणत नाही, 'कापू का?' म्हणतो; विचारण्यासाठी आपल्याकडे वेगळं रूप आहे. बोली फ्रेंचमध्ये साधा वर्तमानकाळच वापरतात आणि शेवटी आवाज चढवतात. म्हणून कागदावर ते तुला विधान वाटलं. फोनवर पुन्हा ऐकलंस तर 'दो'वर आवाज वर गेलेला कळेल. क्लासमध्ये प्रश्न करण्याच्या आणखी दोन पद्धती शिकवल्या असतील. काउंटरवर बहुतेक वेळा ही तिसरीच कानावर पडते.

मग सगळं मराठीसारखंच आहे का?

नाही, आणि कुठे थांबायचं ते कळलं नाही तर हाच आधार फसवतो. क्रियापदाच्या आधी येतात ती फक्त सर्वनामं. नाम घेतलंस की ते मागे जातं: 'झ कूप ला बगेत', मी कापते बगेत. दुसरं, 'तुम्हाला ती' हा क्रम आपल्यासारखा आहे, पण 'तिला ती' म्हणायचं झालं की उलटतो: 'झ ला लुई कूप', म्हणजे मी ती तिला कापून देते. तिसरं, आज्ञा केली की सर्वनाम क्रियापदाच्या मागे चिकटतं: 'कूपे-ला', कापा ती. हे तीन अपवाद तेवढे वेगळे पाठ कर.

आणि त्या एका अक्षरी 'ला'कडे नीट कान दे. एकदा मी एक त्रादिस्यों आणि एक मोठा गोल गावठी पाव असं दोन्ही घेतलं. गोल पाव मला चार-पाच दिवस पुरवायचा होता. मुलीने भरभर विचारलं, "झ वू ल त्रांश?" मला वाटलं बगेतबद्दलच विचारतेय, नेहमीसारखं. मी म्हटलं, "वी, सिल वू प्ले." तिने गोल पाव उचलला, मागच्या यंत्रात ठेवला, खडखड आवाज झाला आणि अख्खा पाव एकसारख्या कापांत परत आला. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने 'ला' नव्हतं म्हटलं, 'ल' म्हटलं होतं. बगेत स्त्रीलिंगी म्हणून 'ला', ती. पाव पुल्लिंगी म्हणून 'ल', तो. क्रियापदही वेगळं होतं, 'कूप' म्हणजे कापणे आणि 'त्रांश' म्हणजे चकत्या करणे, पण त्या घाईत मला दोन्ही सारखीच वाटली. कापलेल्या पावाला वारा लागायला कितीतरी जास्त जागा मिळते. तिसऱ्या दिवशी चकत्यांच्या कडा वाळून वर वळल्या होत्या, आणि उरलेला पाव मी दुधात भिजवून संपवला.

मराठीत 'तो कापून देऊ की ती?' असं कुणी विचारलं असतं तर मला एका क्षणात कळलं असतं. म्हणजे कान आपल्याकडे आहेतच, फक्त 'ल' आणि 'ला' ह्यांच्यामागे 'तो' आणि 'ती' ऐकायची सवय लावायची. 'ले' ऐकू आलं तर समज की ती दोन्हींबद्दल विचारते आहे.

आणि हो, 'पाव' हा आपला शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्यांचा तो शब्द आणि फ्रेंचांचा 'पँ' ही एकाच लॅटिन आईची लेकरं. लिंगही तिन्हीकडे पुल्लिंगच राहिलं. पावाच्या बाबतीत तरी तुला लिंग पाठ करावं लागणार नाही.

'आणि ह्याच्याबरोबर?': बरोबर काय?

हे वाक्य व्याकरणाने सगळ्यात सोपं आणि कळायला सगळ्यात कठीण. 'ए' आणि, 'आवेक' बरोबर, 'ससी' हे. कर्ता नाही, क्रियापद नाही. आपला किराणा दुकानदार मागितलेली वस्तू समोर ठेवतो आणि "आणखी?" म्हणतो ना, तेच हे.

पहिल्या आठवड्यात मला ते माहीत नव्हतं. प्रश्न आहे एवढं सुरावरून कळलं, म्हणून मी "वी" म्हटलं, म्हणजे हो. ती मुलगी हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. माझ्या मागे सहा माणसं. तिच्या दृष्टीने मी 'हो, आणखी हवंय' म्हटलं होतं आणि काय हवंय ते सांगत नव्हते. माझ्या दृष्टीने मी उत्तर देऊन मोकळी झाले होते. शेवटी मागच्या आजोबांनी हळूच सांगितलं, "स सरा तू." मी ते तसंच्या तसं म्हटलं आणि ती मुलगी हसून हिशेबाकडे वळली.

'स सरा तू' म्हणजे शब्दशः 'ते सगळं असेल'. आपण म्हणतो, 'बस, एवढंच.' मग भविष्यकाळ का? कारण इथे काळ वेळ सांगत नाही, नरमाई सांगतो. वर्तमानात 'से तू' म्हटलं तरी चालतं, लोक म्हणतातही, पण ते जरा तुटक लागतं. भविष्यकाळाने त्याची धार कमी होते. हिशेब सांगतानाही तसंच: ती म्हणते "सा वू फरा" आणि पुढे आकडा, म्हणजे तुम्हाला इतके होतील. आपण ह्याच ठिकाणी भूतकाळ वापरतो! 'किती झाले?' 'चाळीस झाले.' पैसे अजून दिलेले नसतात, तरी 'झाले'. एकाच काउंटरवर एक भाषा पुढे बघते आणि एक मागे, आणि दोघींनाही खरा काळ सांगायचा नसतो. हे कळल्यापासून 'भविष्यकाळ म्हणजे उद्याची गोष्ट' असं मी मानत नाही.

ही जास्त विकण्याची युक्ती नाही का?

थोडी आहे. समोर गुलाबी प्रालीन, म्हणजे साखर चढवलेले बदाम, घातलेला ब्रिओश, म्हणजे मऊ गोडसर पाव असतो, तो ह्या लिओंची खासियत, आणि 'ए आवेक ससी?' ऐकल्यावर त्याच्याकडे नजर जातेच. पण वाक्याचं मुख्य काम वेगळं आहे. ते सांगतं की एक वस्तू झाली, पाळी अजून तुझीच आहे, बोल. प्रत्येक वस्तूनंतर ते पुन्हा येतं. तू जोपर्यंत 'एवढंच' म्हणत नाहीस तोपर्यंत ती बेरीज करत नाही, कारण पुढचं गिऱ्हाईक बोलावणं म्हणजे तुला मधेच थांबवणं. म्हणून शांत राहणं हे उत्तर नाही. दार तुलाच लावायचंय.

एक सापळा सांगून ठेवते. काही मुली त्याऐवजी "स सरा तू?" असंच विचारतात, प्रश्नाच्या सुरात. तिथे उत्तर उलटं होतं. 'आणखी?'ला 'नाही' म्हटलं की संपतं, 'एवढंच?'ला 'हो' म्हटलं की संपतं. मराठीतही तसंच आहे, पण परक्या भाषेत आपण प्रश्न न ऐकता ठरलेलं उत्तर देतो आणि फसतो. दोन्हीकडे चालणारं एक उत्तर आहे: हो-नाही काहीच न म्हणता, "स सरा तू, मेर्सी."

तुझ्या बाईंनी कदाचित आणखी एक आक्षेप घेतला असेल. काटेकोर व्याकरणात 'ससी' म्हणजे 'हे' पुढे येणाऱ्या गोष्टीसाठी आणि 'सला' म्हणजे 'ते' मागे सांगून झालेल्या गोष्टीसाठी. पाव तर आधीच मागून झाला, मग 'ससी' चूक नाही का? लेखी भाषेच्या त्या नियमाने बघितलं तर आक्षेपात तथ्य आहे. पण 'ससी'चा दुसरा अर्थ 'हे जवळचं' असाही आहे, आणि ते वाक्य म्हणताना त्या मुलीचा हात पावावर असतो. कुठे 'ए आवेक सा?' असंही ऐकू येईल. ते आणखी घरगुती. परीक्षेत बाईंचं ऐक. रांगेत तिन्हींचा अर्थ एकच.

पूर्ण संवाद, एकदा सलग

पुढच्या महिन्यात तू येशील तेव्हा बेकरीत तुलाच पुढे करणार आहे. दारातून शिरताच "बोंझूर" म्हणायचं, रांग कितीही असो, आणि आपली पाळी आली की पुन्हा. आपण दुकानात शिरल्या शिरल्या "काका, सहा पाव द्या" म्हणतो. 'काका' आणि 'द्या' ह्यांतच आपला मान येऊन जातो. इथे काका नाही, म्हणून ते काम बोंझूर करतं. ते गाळलं तर पुढची सगळी वाक्यं बरोबर असूनही उद्धट वाटतात.

मग तू म्हणशील, "यून त्रादिस्यों ब्यँ कुईत, सिल वू प्ले." एक त्रादिस्यों द्या, चांगली भाजलेली. 'त' स्पष्ट म्हण.

ती म्हणेल, "झ वू ला कूप आं दो?" 'ला' आहे, म्हणजे बगेत. तुझी पिशवी छोटी असेल तर "वी, मेर्सी". कापायची नसेल तर "नों, सा इरा, मेर्सी", नको, चालेल तसं. पुन्हा भविष्यकाळ, बघ.

ती म्हणेल, "ए आवेक ससी?" इथे गप्प बसू नकोस. ब्रिओश हवा असेल तर "ए अँ ब्रिओश" म्हणशील आणि मी लगेच चिमटा काढीन, कारण ब्रिओश स्त्रीलिंगी आहे: "यून ब्रिओश". मग ती पुन्हा विचारेल, "ए आवेक ससी?" आणि आता तू म्हणायचंस, "स सरा तू, मेर्सी."

ती आकडा सांगेल. आकड्यांचं पत्र वेगळं लिहिते, कारण सत्तरला 'साठ-दहा' आणि नव्वदला 'चार-वीस-दहा' का म्हणतात ते ह्या कागदात मावणार नाही. तोवर कार्ड यंत्राला टेकव आणि बगेतचं टोक बाहेर पडायच्या आत मोडून खा. इथे पुष्कळ जण तेच करतात.

तुझीच,
लिओंहून